हात बाहेर, मग स्ट्रोक

पाळी सुरू होण्याआधी कामगारांना उभ्याउभ्या जी सुरक्षेची सूचना दिली जाते, तिला कारखान्यांत ‘टूलबॉक्स टॉक’ किंवा नुसते ‘सेफ्टी टॉक’ म्हणतात. पाच मिनिटे, पंधरा-वीस माणसे आणि सुपरवायझरच्या हातात एक कागद, एवढाच तिचा पसारा. त्या कागदावर काय लिहिलेले असावे हे मात्र यंत्राप्रमाणे बदलते. चाकण, भोसरी, वाळूज या भागांत गाड्यांचे सुटे भाग बनवणारी पत्र्याच्या कामाची असंख्य युनिटे आहेत आणि तिथले मुख्य यंत्र म्हणजे पॉवर प्रेस. बोटे जाण्याचे अपघात या यंत्रावर सर्वाधिक होतात. वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांच्या नोंदी ठेवणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था आपल्या ‘क्रश्ड’ या अहवालांत हीच गोष्ट वारंवार मांडत आली आहे. त्यामुळे सूचना कशी लिहावी हे समजून घ्यायला प्रेस शॉपच बरे.

प्रेसचे काम दिसायला सोपे असते. खाली डाय, वर पंच. डायवर पत्र्याचा तुकडा ठेवायचा, पॅडल किंवा बटण दाबायचे; पंच खाली येतो, पत्रा कापला किंवा वाकवला जातो आणि पंच वर जातो. तयार झालेला जॉब काढायचा आणि पुढचा तुकडा ठेवायचा. एका पाळीत हे काही हजार वेळा होते. दर वेळी माणसाचा हात आणि कित्येक टनांचा दाब एकाच जागी आळीपाळीने येतात. दोघांची वेळ एकदा जरी जुळली, तरी बोट जाते.

या वेळेचा हिशेब समजल्याशिवाय सूचनेचा कागद लिहिता येत नाही, कारण सगळ्या प्रेस सारख्या नसतात. जुन्या आणि स्वस्त प्रेसमध्ये ‘की क्लच’ असतो. मोटर एक जड चाक सतत फिरवत ठेवते. पॅडल दाबले की एक चावी फिरते आणि ते चाक शाफ्टला जोडले जाते. एकदा जोडले गेले की फेरी पूर्ण झाल्याशिवाय ते सुटत नाही. पॅडलवरून पाय काढला, बटण सोडले, मोटर बंद केली, तरी पंच खाली येणारच. नव्या प्रेसमध्ये हवेच्या दाबावर चालणारा क्लच आणि ब्रेक असतो. तिथे पंच अर्ध्या वाटेतही थांबवता येतो.

या फरकावर सुरक्षेची सगळी साधने अवलंबून आहेत. हवेच्या क्लचच्या प्रेसपुढे प्रकाशाच्या किरणांचा पडदा बसवतात, त्याला कामगार ‘सेन्सर’ म्हणतात. हात आडवा आला की किरण तुटतो आणि स्लाइड, म्हणजे पंच धरून वरखाली होणारा भाग, थांबते. पण थांबायलाही वेळ लागतो. हाताचा वेग सेकंदाला 1.6 मीटर धरण्याची पद्धत आहे. स्लाइड थांबायला 0.2 सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात हात 32 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणून सेन्सर डायपासून त्याहून लांब हवा; मानकांत यावर आणखी काही अंतर वाढवून धरतात. ब्रेकचे अस्तर झिजून हाच वेळ 0.3 सेकंद झाला, तर हात 48 सेंटिमीटर जाऊ शकतो. सेन्सर जागेवर असतो, त्याचा हिरवा दिवाही लागलेला असतो, पण त्याचे संरक्षण संपलेले असते.

की क्लचच्या प्रेसवर हाच सेन्सर लावणे म्हणजे शुद्ध दिखावा. किरण तुटला तरी यंत्र थांबूच शकत नाही. दोन हातांनी दाबायची दोन बटणेही तिथे फारशी कामाची नसतात. मिनिटाला 60 स्ट्रोक मारणारी प्रेस घ्या. तिच्या चाकाची एक फेरी एका सेकंदाची. चावी पकडायची जागा चाकावर एकच असेल, तर बटण दाबल्यावर पकड बसायला जवळजवळ पूर्ण फेरी जाऊ शकते आणि पंच खाली यायला आणखी अर्धी फेरी लागते. म्हणजे दीड सेकंद. तेवढ्यात हात 2.4 मीटर जाऊ शकतो. बटणे इतकी लांब कोणीच बसवत नाही. अशा प्रेसवर खरे संरक्षण एकच, डायभोवती बंद जाळी, जिच्यातून पत्रा जाईल पण बोट शिरणार नाही. जाळी नसेल, तर कागदावर कितीही चांगली वाक्ये लिहिली तरी तिची जागा भरून निघत नाही.

आता एक काल्पनिक, पण रोजच्यासारखी दुसरी पाळी घेऊ. लाइनवर सहा प्रेस आहेत. पहिल्या पाळीच्या ऑपरेटरने जाताना सांगितले, की चार नंबर दुपारी एकदा ‘डबल मारली’. म्हणजे पॅडल एकदाच दाबले, पण पंच दोनदा खाली आला. की क्लचच्या प्रेसवर याइतका धोक्याचा इशारा दुसरा नाही. पहिल्या स्ट्रोकनंतर ऑपरेटरचा हात जॉब काढायला आत जातो आणि नेमका तेव्हाच दुसरा स्ट्रोक येतो. यामागे चावीची कमकुवत झालेली स्प्रिंग असते, चावीच्या झिजलेल्या कडा असतात, ब्रेकवर सांडलेले तेल असते किंवा दाबल्यावर नीट परत न येणारे पॅडल असते. डबल मारण्याच्या आधी यंत्र बहुतेक वेळा खूण देते. स्लाइड अगदी वर जाऊन जागच्या जागी थांबायच्या ऐवजी किंचित पुढे घसरते. अनुभवी ऑपरेटरला ते दिसते. नव्याला ‘जरा सैल झालंय’ असे वाटते आणि तो काम चालू ठेवतो. दुसरी गोष्ट, सहा नंबरवर आज नवीन डाय चढली आहे आणि तिचा जॉब लहान आहे. लहान जॉब म्हणजे बोटे डायच्या जास्त जवळ.

या दोन बातम्या आजच्या सूचनेचा गाभा आहेत. बाकी सगळे कालही खरे होते आणि उद्याही खरे असेल. पहिल्या पाळीच्या इनचार्जकडून या गोष्टी वेळेत कळल्या नाहीत, तर दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर छापील कागद वाचून मोकळा होतो. म्हणून सूचनेचा कागद पाळी सुरू होण्याच्या वीसेक मिनिटे आधी, रजिस्टर आणि ऑपरेटर या दोघांना विचारून लिहायचा असतो. रजिस्टरमध्ये बिघाड ‘किरकोळ’ म्हणून नोंदलेला असू शकतो. ऑपरेटर मात्र हाताने खूण करून दाखवतो, की स्लाइड कुठे थांबायला हवी होती आणि कुठे थांबली.

त्या दिवसाचा कागद साधारण असा असावा:

“दुसरी पाळी. सगळे आलात? मोजतो.

हात बाहेर, मग स्ट्रोक.

चार नंबर बंद आहे. दुपारी तिने डबल मारला. तिच्या स्विचला कुलूप आहे. चावी मेन्टेनन्सकडे आहे. कुलूप मेन्टेनन्सच काढेल.

सहा नंबरवर नवी डाय आहे. जॉब लहान आहे. चिमट्याने ठेवा. चिमट्याने काढा.

हात बाहेर, मग स्ट्रोक.

जॉब अडकला, थांबा. मोटर बंद करा. चाक पूर्ण थांबू द्या. सेटरला बोलवा. जॉब सेटरच काढेल.

स्लाइड वर थांबली नाही, थांबा. आवाज बदलला, थांबा. आधी थांबा, मग सांगा.

हात बाहेर, मग स्ट्रोक.”

बोलायला दीड-दोन मिनिटे लागतात. उरलेली तीन मिनिटे प्रश्नोत्तरांची, आणि ती बोलण्याइतकीच महत्त्वाची आहेत.

या कागदात हेल्मेट, बूट, चष्मा यांची यादी नाही. या वस्तू नको असतात असे नाही. ती यादी दारावरच्या फलकावर असते आणि गेटवर तपासली जाते. सूचनेत तिने जागा अडवली, की चार नंबरची बातमी तिच्यामागे हरवते. शिवाय सर्वांना लागू होईल अशी यादी कधीकधी चुकीचीही ठरते. पत्र्याची धार लागू नये म्हणून प्रेसवर हातमोजे लागतात. शेजारच्या ड्रिल मशीनवर मात्र तेच हातमोजे फिरत्या बिटमध्ये अडकून हात ओढून घेतात. ‘सर्वांनी हातमोजे घाला’ हे वाक्य एका माणसाला वाचवते आणि दुसऱ्याला धोक्यात घालते.

कागदातली वाक्ये बहुतेक होकारार्थी आहेत, यामागे प्रेस शॉपचा आवाज आहे. कारखान्याच्या नियमांत आठ तासांच्या कामाला 90 डेसिबलची मर्यादा आहे आणि चालू प्रेसच्या रांगेजवळ ती सहज ओलांडली जाते. मराठी वाक्यात नकार शेवटी येतो. ‘डायमध्ये हात घालू नका’ असे ओरडून सांगितले आणि नेमके त्याच क्षणी बाजूची प्रेस खाली आली, तर ऐकणाऱ्याला ‘डायमध्ये हात घालू’ एवढेच मिळते. ‘हात बाहेर’ या दोन शब्दांत अर्धे ऐकू आले तरी उलटा अर्थ निघत नाही. ‘कुलूप काढू नका’ऐवजी ‘कुलूप मेन्टेनन्सच काढेल’ हे वाक्यही त्याच कारणाने. तरीही सूचना द्यायची जागा लाइनपासून दूर, भिंतीआड किंवा स्टोअरजवळ असलेली बरी. मागे पहिल्या पाळीचे स्ट्रोक चालू असताना दिलेली सूचना म्हणजे रजिस्टरवरच्या सह्यांची सोय.

इशारा पुन्हा पुन्हा द्यायचा, पण दर वेळी त्याच शब्दांत. शाळेतल्या निबंधात एकच शब्द दोनदा आला तर खोडला जातो, इथे उलटे. एकदा ‘हात बाहेर’, मग ‘पंचाखाली बोटे नकोत’, मग ‘धोक्याच्या जागेपासून हात दूर ठेवा’ असे म्हटले, तर नव्या मुलाला या तीन वेगळ्या सूचना वाटतात आणि तिन्ही अर्धवट लक्षात राहतात. एकच वाक्य तीनदा ऐकले, की काम करताना ते आपोआप ओठांवर येते. मात्र असा पुन्हा पुन्हा येणारा इशारा पाळीला एकच हवा. दहा गोष्टी प्रत्येकी तीनदा सांगितल्या की कोणतीच गोष्ट मुख्य राहत नाही. कोणती गोष्ट तीनदा सांगायची हे ठरवणे, हाच कागद लिहिणाऱ्याचा खरा निर्णय असतो. प्रेस शॉपमध्ये ती हाताची गोष्ट असते, फाउंड्रीत वितळलेल्या धातूजवळच्या पाण्याची, गोदामात फोर्कलिफ्टच्या वाटेची.

भाषेचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. या युनिटांत मराठवाडा-विदर्भातल्या मुलांसोबत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली माणसे काम करतात. सगळी सूचना दोन भाषांत दिली तर वेळ दुप्पट होतो आणि अर्धी माणसे अर्धा वेळ दुसरीकडे बघत राहतात. व्यवहारात जमते ते असे: मुख्य इशारा दोन्ही भाषांत, ‘हात बाहेर’ आणि लगेच ‘हाथ बाहर’. बाकीच्या गोष्टी एकदा मराठीत, एकदा हिंदीत आणि वस्तू हातात धरून. चिमटा म्हणताना चिमटा वर करायचा. कुलूप म्हणताना चार नंबरकडे बोट दाखवायचे.

बोट दाखवून मोठ्याने म्हणण्याला जपानच्या रेल्वेत मोठी परंपरा आहे. तिथला चालक सिग्नलकडे बोट करून त्याची स्थिती उच्चारतो. भारतीय रेल्वेतही लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट तोंडाने म्हटली आणि हाताने दाखवली, की सवयीने चुकीचे काम होण्याची शक्यता घटते. काही कारखान्यांनी हीच पद्धत प्रेस शॉपमध्ये आणली आहे. ऑपरेटर स्ट्रोकआधी डायकडे बघतो आणि ‘हात बाहेर’ म्हणतो. पहिल्या दिवशी सगळे हसतात. आठवड्यानंतर कोणी हसत नाही.

आता प्रश्नोत्तरे. ‘समजलं का?’ या प्रश्नाला कारखान्यात एकच उत्तर येते आणि ते ‘हो’ असते. चौदा माणसांपुढे आपल्याला समजले नाही असे कोण सांगेल? म्हणून उत्तर तोंडाने मागायचे नाही, हाताने मागायचे. “सहा नंबरवर कोण? चिमटा दाखव.” चिमटा खिशातून निघाला तर सूचना पोचली. “आणतो” असे उत्तर आले, तर तो कालपर्यंत बोटांनीच काम करत होता हे कळते. “दोन नंबर, जॉब अडकला तर आधी काय?” इथे बरेच जण ‘सेटरला बोलवणार’ असे म्हणतात. बरोबर उत्तर ‘मोटर बंद’ हे आहे, आणि त्यानंतर चाक पूर्ण थांबू देणे. मोटर बंद झाल्यावरही जड चाक बराच वेळ फिरत राहते, आणि त्या वेळात पॅडलला पाय लागला तर स्ट्रोक बसतो. अडकलेला जॉब काढताना होणाऱ्या कितीतरी अपघातांमागे हेच कारण असते: मोटर बंद, मशीन बंद असा समज.

चाक थांबल्यावर सेटर स्लाइडखाली सेफ्टी ब्लॉक, म्हणजे जाड आधाराचा ठोकळा, ठेवतो. स्विचला आपले कुलूप लावतो, चावी स्वतःच्या खिशात टाकतो आणि मगच आत हात घालतो. कुलूप एकाचे आणि चावी दुसऱ्याकडे असेल, तर दुसरा माणूस भल्या हेतूने मशीन चालू करू शकतो. या पायऱ्या सेटरच्या आहेत. ऑपरेटरला सूचनेत फक्त त्याची पायरी सांगायची: थांबा, मोटर बंद, चाक थांबू द्या, बोलवा.

प्रश्न हेल्परलाही विचारायचा. मोठ्या जॉबला दोन माणसे लागतात. ऑपरेटरसमोर दोन बटणे असतात. दोन्ही दाबली म्हणजे त्याचे दोन्ही हात बाहेर आहेत हे नक्की. पण समोरच्या बाजूने पत्रा धरणाऱ्या हेल्परच्या हातांची खात्री कोण देणार? त्याला स्वतंत्र बटणांची जोडी हवी, आणि चौघा हातांची बटणे एकदम दाबली तरच स्ट्रोक बसायला हवा. अशी सोय नसेल तर त्या प्रेसवर हेल्पर उभा करायचा नाही. आणि बटणात काडी अडकवून किंवा चिकटपट्टी लावून एक बटण कायम दाबून ठेवलेले दिसले, तर सूचनेची वाट न पाहता ते तिथल्या तिथे काढायचे. काडी सहसा उत्पादनाच्या टार्गेटपायी लागलेली असते. त्यामुळे ती काढली की टार्गेटबद्दलही बोलावे लागते, नाहीतर ती संध्याकाळी परत लागते.

सूचना संपल्यावर, पहिला जॉब ठेवण्याआधी, प्रत्येक ऑपरेटरने मोकळे दोन-तीन स्ट्रोक मारून बघायचे. स्लाइड वर नेमकी थांबते का, पॅडल पूर्ण परत येते का, हवेच्या प्रेसवर सेन्सरमध्ये काठी घातली की स्लाइड वाटेत थांबते का. सेन्सर हाताने तपासायचा नाही. तिन्ही बरोबर असले तरच काम सुरू.

मशीन थांबवण्याचा अधिकार हा कागदातला सर्वांत नाजूक भाग आहे. ‘आधी थांबा, मग सांगा’ हे वाक्य सुपरवायझरने म्हटले आणि त्याच पाळीत कोणी थांबवल्यावर त्याला ‘टाइम कोण भरून देणार?’ असे विचारले, तर पुढचे सहा महिने कोणी थांबवत नाही. थांबवलेल्या वेळेचे उत्पादन त्या ऑपरेटरच्या हिशेबातून वजा होणार नाही, हे आधी व्यवस्थापनाने ठरवावे लागते. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत ते ठेकेदारालाही सांगावे लागते. ते ठरलेले नसेल, तर हे वाक्य कागदावर नसलेलेच बरे.

कायद्यानेही ही जबाबदारी सूचनेवर टाकलेली नाही. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 21 ने यंत्राचे धोकादायक भाग बंदिस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. 1987 च्या दुरुस्तीने आलेल्या 7-अ या कलमाने माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख हेही त्याच्या कर्तव्यात घातले. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही धोक्यापासून मुक्त कामाची जागा देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्यामुळे अपघातानंतर ‘सकाळीच सांगितलं होतं, सही आहे’ हा बचाव अर्धवट आहे. जाळी होती का, हा प्रश्न उरतोच.

काही कारखान्यांत आठवड्यातून एकदा सूचनेत एक वेगळी ओळ घालतात: बोट तुटले तर काय करायचे. मशीन बंद, जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब, हात उंच. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, पिशवीचे तोंड बांधायचे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फात टाकले की ते गोठून खराब होते. प्रेसखाली बोट बहुतेक वेळा चिरडलेले असते, त्यामुळे ते जोडले जाईलच असे नाही. पण तो निर्णय डॉक्टरांवर सोडायचा, कारखान्यात बोट फेकून द्यायचे नाही. कोणत्या रुग्णालयात न्यायचे आणि गाडी कोणती, हेही त्याच ओळीत येते. हे रोज सांगितले तर भीती बोथट होते. महिनोन्महिने सांगितलेच नाही तर ऐन वेळी सगळे फोनकडे धावतात.

चार नंबरची दुरुस्ती झाल्यावर मेन्टेनन्स आणि सेटर मिळून मोकळे स्ट्रोक मारून बघतात, स्प्रिंग आणि ब्रेकचे काय केले ते रजिस्टरमध्ये लिहितात आणि कुलूप काढतात. त्या दिवशीच्या कागदात चार नंबरची ओळ राहते, फक्त बदलून: “चार नंबर दुरुस्त झाली. नवी स्प्रिंग आहे. ती वर नीट थांबते का, ते बघत राहा. थांबली नाही, थांबा.” पुढच्या दोन-तीन पाळ्यांत ती नीट चालली, की ती ओळ कागदावरून जाते आणि तिच्या जागी त्या दिवशी लाइनवर जे बदलले असेल ते येते.